दोन गाड्यांमधला पक्षी: फेऱ्यांची बेरीज न करता उत्तर काढण्याची पद्धत

एकाच सरळ मार्गावर १५० किमी अंतरावरून दोन गाड्या एकाच क्षणी एकमेकींच्या दिशेने निघतात. पहिलीचा वेग ताशी ४० किमी आणि दुसरीचा ताशी ६० किमी आहे. त्याच क्षणी पहिल्या गाडीच्या तोंडावर बसलेला पक्षी ताशी ९० किमी वेगाने दुसऱ्या गाडीकडे उडू लागतो. दुसरी गाडी गाठताच तो उलटा फिरून पहिलीकडे येतो, तिथून पुन्हा दुसरीकडे जातो, आणि दोन्ही गाड्या भेटेपर्यंत हे असेच चालू राहते. तोपर्यंत पक्षी एकूण किती किलोमीटर उडाला?

प्रश्न वाचताच डोळ्यांसमोर पक्ष्याच्या येरझाऱ्या उभ्या राहतात आणि हात आपोआप पहिली फेरी, दुसरी फेरी, तिसरी फेरी असे लिहू लागतो. त्या मार्गानेही उत्तर मिळते, पण नवख्या माणसाची तिसऱ्या-चौथ्या फेरीतच अपूर्णांकांशी झटापट सुरू होते आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो. मी हे गणित शिकलो आणि पुढे इतरांना समजावत आलो. त्यातून जो क्रम सर्वांत सुकर वाटला, तो इथे मांडत आहे. फेऱ्यांची पद्धत मी टाळलेली नाही, तिला चौथ्या पायरीवर पडताळणीचे काम दिले आहे, कारण छोट्या पद्धतीवर खरा विश्वास बसतो तो दोन्ही वाटांनी एकच उत्तर आल्यावर.

लागणारे साहित्य

कोरा कागद, पेन्सिल, आणि प्रश्नातून उतरवून घ्यायच्या चार संख्या: सुरुवातीचे अंतर, पहिल्या गाडीचा वेग, दुसऱ्या गाडीचा वेग आणि पक्ष्याचा वेग. यांशिवाय एक पाचवी गोष्ट लागते, जी बहुतेक जण लिहून घेत नाहीत: पक्षी नेमका कधी उडू लागला. पहिल्या तीन पायऱ्यांना कॅल्क्युलेटरची गरज नाही; चौथ्या पायरीवर तो जवळ असलेला बरा.

## १. काय विचारले आहे ते एका वाक्यात लिहा

कागदावर एक आडवी रेघ काढा, डाव्या टोकाला पहिली गाडी, उजव्या टोकाला दुसरी गाडी आणि मधल्या अंतरावर १५० किमी असे लिहा. त्याखाली लिहा: ‘पक्ष्याने कापलेले एकूण अंतर हवे आहे.’

हे वाक्य लिहिण्याचे कारण असे की कापलेले अंतर आणि विस्थापन या दोन वेगळ्या राशी आहेत. पक्षी निघाला ती जागा आणि शेवटी पोहोचला ती जागा यांमधले सरळ अंतर म्हणजे विस्थापन. ते आपल्याला विचारलेले नाही. पक्षी उजवीकडे गेला काय किंवा डावीकडे आला काय, उडालेला प्रत्येक किलोमीटर बेरजेतच जातो. म्हणूनच दिशा कितीदा बदलली या माहितीचा उत्तराशी थेट संबंध उरत नाही, आणि पुढची सगळी सोय याच एका गोष्टीतून निर्माण होते.

## २. पक्षी किती वेळ उडतो ते काढा

पक्ष्याच्या गळ्यात एक घड्याळ बांधले आहे अशी कल्पना करा. तो उडू लागला की ते सुरू होते आणि गाड्या भेटल्या की थांबते. मधल्या काळात पक्षी कुठेही विसावत नाही, त्यामुळे ते घड्याळ एकदाही बंद पडत नाही. त्या घड्याळावर शेवटी किती वेळ दिसेल, एवढेच आता काढायचे आहे.

हा वेळ पक्ष्याकडे बघून काढायचा नाही, गाड्यांकडे बघून काढायचा आहे. पक्षी असो वा नसो, गाड्या त्यांच्या ठरल्या वेळीच भेटणार. एका तासात पहिली गाडी ४० किमी पुढे येते आणि दुसरी ६० किमी, म्हणजे दोघींमधले अंतर तासाला १०० किमीने कमी होते. १५० किमी अंतर संपायला लागणारा वेळ असा:

१५० ÷ (४० + ६०) = १.५ तास

इथे वेगांची बेरीज होते, कारण गाड्या समोरासमोर येत आहेत. उत्तर बरोबर आहे का हे लगेच तपासता येते. दीड तासात पहिली गाडी ६० किमी आणि दुसरी ९० किमी जाते, आणि ६० + ९० = १५०. दोघींनी मिळून सगळे अंतर संपवले आहे. ही तपासणी न चुकता करावी. पुढे सांगितलेल्या चुकांपैकी मोठी चूक इथेच पकडली जाते.

## ३. वेळेला पक्ष्याच्या वेगाने गुणा

९० × १.५ = १३५ किमी

उत्तर मिळाले. मात्र गुणाकार का चालतो, हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. पहिल्या फेरीला लागलेला वेळ, दुसऱ्या फेरीला लागलेला वेळ, तिसऱ्या फेरीला लागलेला वेळ असे वेगवेगळे वेळ धरले, तर प्रत्येक फेरीचे अंतर म्हणजे ९० गुणिले त्या फेरीचा वेळ. सगळी अंतरे मिळवली की प्रत्येक पदात ९० हा सामाईक अवयव येतो, आणि तो कंसाबाहेर काढला की कंसात फक्त वेळांची बेरीज उरते. ती बेरीज म्हणजे गळ्यातल्या घड्याळावरचा वेळ, आणि तो आपण गाड्यांवरून आधीच काढलेला आहे. फेऱ्यांचे वेगवेगळे वेळ माहीत नसले तरी त्यांची बेरीज माहीत आहे, आणि उत्तराला तेवढेच पुरते.

यातून एक अटही स्पष्ट होते. सगळ्या फेऱ्यांत ९० हाच वेग असेल तरच तो कंसाबाहेर येतो. ही अट मोडली तर काय करायचे, ते सातव्या पायरीवर पाहू.

## ४. फेऱ्या मोजून एकदा पडताळा

पहिली फेरी डावीकडून उजवीकडे आहे. पक्षी ताशी ९० ने जातो आणि दुसरी गाडी ताशी ६० ने समोरून येते, म्हणून त्यांच्यातले १५० किमी अंतर तासाला १५० ने कमी होते आणि भेट बरोबर १ तासाने होते. पक्षी ९० किमी उडाला. या तासात गाड्यांमधले अंतर १०० किमीने घटून ५० किमी उरले.

दुसरी फेरी उजवीकडून डावीकडे आहे. आता समोरून पहिली गाडी ताशी ४० ने येते, म्हणून अंतर तासाला १३० ने कमी होते. लागणारा वेळ ५०/१३०, म्हणजे ५/१३ तास, सुमारे २३ मिनिटे. पक्षी सुमारे ३४.६ किमी उडाला. या वेळात गाड्या ५००/१३ किमी जवळ आल्या, म्हणून ५० मधून ते वजा करून १५०/१३, म्हणजे साधारण ११.५ किमी उरले.

इथे क्षणभर थांबून उरलेल्या अंतराकडे नीट पाहावे. सुरुवातीला ते १५० होते, एक जाणे आणि एक येणे झाल्यावर ते १५० चा तेरावा भाग झाले. पक्षी पुन्हा पहिल्या गाडीच्या तोंडावर आहे, वेग तेच आहेत. बदललेली गोष्ट एकच, ती म्हणजे गाड्यांमधले अंतर. याचा अर्थ आता तेच गणित तेरापट लहान आकारात पुन्हा सुरू होत आहे. म्हणून तिसरी फेरी पहिलीच्या तेराव्या भागाइतकी, ९०/१३ म्हणजे सुमारे ६.९ किमी, आणि चौथी दुसरीच्या तेराव्या भागाइतकी, सुमारे २.७ किमी. एकदा हे दिसले की पुढची एकही फेरी नव्याने मोजावी लागत नाही.

उजवीकडे जाणाऱ्या सगळ्या फेऱ्यांची मिळून एक भूमितीय श्रेढी होते. तिचे पहिले पद ९० आणि सामान्य गुणोत्तर १/१३ आहे. अशा अनंत श्रेढीची बेरीज म्हणजे पहिले पद भागिले (१ वजा गुणोत्तर), म्हणून ९० ÷ (१२/१३) = ९७.५ किमी. डावीकडे येणाऱ्या फेऱ्यांची श्रेढी ४५०/१३ पासून सुरू होते आणि तिची बेरीज ३७.५ किमी येते. दोन्ही मिळून ९७.५ + ३७.५ = १३५ किमी, म्हणजे तिसऱ्या पायरीवर आले तेच उत्तर.

आता यांची बेरीज न करता वजाबाकी करून पाहा: ९७.५ − ३७.५ = ६० किमी. हे पक्ष्याचे विस्थापन आहे, आणि दीड तासात पहिली गाडीही बरोबर ६० किमी गेलेली आहे. पक्षी तिच्याच तोंडावरून निघाला आणि शेवटी तिच्याच तोंडापाशी पोहोचला, त्यामुळे हे दोन आकडे जुळायलाच हवेत. फेऱ्यांनी सोडवलेल्या कोणत्याही उदाहरणात ही तपासणी फार उपयोगी पडते, कारण एखाद्या फेरीत चुकीच्या गाडीचा वेग घेतला गेला असेल तर बेरीज कदाचित विश्वसनीय दिसेल, पण वजाबाकी बिघडलेली लगेच कळते.

फेऱ्या अनंत आहेत या शब्दाने गोंधळून जाऊ नये. पहिल्या चार फेऱ्यांतच पक्षी १३४.२ किमी उडालेला असतो आणि गाड्यांच्या भेटीला सुमारे ३२ सेकंद उरलेले असतात. उरलेल्या अनंत फेऱ्या त्या ३२ सेकंदांत होतात आणि त्यांचे एकूण अंतर सुमारे ०.८ किमी आहे. फेऱ्यांची संख्या अनंत असली तरी त्यांना लागणारा वेळ सांत आहे. खरा पक्षी असे करू शकणार नाही हे उघड आहे. गणितातला पक्षी लांबी नसलेला बिंदू मानलेला असतो आणि वळायला त्याला शून्य वेळ लागतो.

या प्रश्नाबरोबर जॉन फॉन नॉयमन (१९०३–१९५७) या गणितज्ञाचा किस्सा नेहमी सांगितला जातो. त्यांनी क्षणात उत्तर दिले, विचारणाऱ्याला वाटले की त्यांना युक्ती ठाऊक होती, तर आपण श्रेढीची बेरीज केली असे त्यांनी सांगितले, असा तो किस्सा. तो जसाच्या तसा घडला असो वा नसो, वरचे १/१३ हे गुणोत्तर पाहिल्यावर ती बेरीज अशक्यप्राय नाही हे पटते. तरीही नवख्याने आधी वेळ काढावा आणि श्रेढी नंतर मांडावी असे माझे मत आहे, कारण वेळेची पद्धत प्रश्नातले काय आवश्यक आहे ते दाखवते आणि श्रेढी फक्त त्याची खात्री देते.

## ५. हमखास होणाऱ्या चुका

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे दोन्ही वेगांची सरासरी घेणे. ४० आणि ६० ची सरासरी ५०, म्हणून १५० ÷ ५० = ३ तास, आणि उत्तर २७० किमी. ही चूक ओळखणे सोपे आहे, कारण उत्तर नेमके दुप्पट येते. दुसऱ्या पायरीवरची तपासणी केली तर तीन तासांत गाड्या १२० आणि १८० किमी, म्हणजे मिळून ३०० किमी जाताना दिसतात. मुळात अंतर १५० च होते.

दुसरी चूक पक्ष्याच्या वेगाविषयीची आहे. पक्षी चालत्या गाडीवरून निघाला म्हणून काही जण ९० मध्ये गाडीचे ४० मिळवून १३० धरतात. प्रश्नात पक्ष्याचा वेग दिलेला असतो तो जमिनीच्या संदर्भात, गाड्यांचा वेगही जमिनीच्याच संदर्भात, आणि पक्षी कोणत्या गाडीवरून निघाला याने त्यात काही फरक पडत नाही. चौथ्या पायरीवर आपण ९० आणि ६० मिळवले ते पक्ष्याचा वेग वाढला म्हणून नव्हे, तर पक्षी आणि समोरची गाडी यांच्यातले अंतर किती झपाट्याने घटते ते काढण्यासाठी.

तिसरी चूक सर्वांत फसवी आहे, कारण तिथे सगळी सूत्रे बरोबर वापरलेली असतात. समजा, दुसरी गाडी अर्धा तास आधी निघाली, आणि पक्षी पहिल्या गाडीबरोबर निघाला. आपल्याला गाडीच्या प्रवासाचा वेळ नको आहे, पक्ष्याच्या उड्डाणाचा वेळ हवा आहे. पक्षी निघतो तेव्हा दुसरी गाडी ३० किमी पुढे आलेली असते, अंतर १२० किमी उरते, आणि १२० ÷ १०० = १.२ तास. उत्तर १०८ किमी. आता उलट स्थिती घ्या: पहिली गाडी आणि पक्षी अर्धा तास आधी निघाले. त्या अर्ध्या तासात पहिली गाडी २० किमी गेली, उरलेल्या १३० किमीला १.३ तास लागले, पण पक्षी तो अर्धा तासही उडतच होता. त्याचा वेळ १.८ तास आणि उत्तर १६२ किमी. चारही संख्या त्याच राहून उत्तरे इतकी वेगळी येतात. साहित्यात पाचवी गोष्ट मुद्दाम लिहून घ्यायला सांगितली ती यासाठी.

एककांविषयी एवढेच: वेग ताशी असेल तर वेळ तासांत ठेवावा, आणि २० मिनिटे म्हणजे १/३ तास असे लिहावे, ०.२० तास असे लिहू नये.

## ६. पक्षी गाड्यांपेक्षा वेगवान आहे याची खात्री करा

पक्ष्याचा वेग दोन्ही गाड्यांपेक्षा जास्त असावा लागतो. तो ताशी ५० असेल तर पहिली फेरी ठीक होईल, पण दुसऱ्या गाडीपाशी वळताच मागून ताशी ६० ने येणारी तीच गाडी त्याला मागे टाकेल. मग पक्षी गाड्यांच्या मधे राहतच नाही आणि प्रश्नाला अर्थ उरत नाही, मग गुणाकार कितीही बिनचूक असो. वेग नेमका ६० असेल तर वळल्यानंतर पक्षी दुसऱ्या गाडीच्या तोंडालाच चिकटून येतो, दुसरी फेरी हीच शेवटची ठरते, आणि ६० × १.५ = ९० किमी हे उत्तर तरीही बरोबर राहते.

पक्षी प्रत्येक गाडीवर एक मिनिट विसावत असेल तर मात्र गळ्यातले घड्याळ मधेमधे थांबते. अशा वेळी किती विसावे झाले ते कळण्यासाठी फेऱ्या मोजाव्याच लागतात. आपल्या आकड्यांत चार फेऱ्या होतात, तीन पूर्ण विसावे होतात आणि चौथ्या विसाव्यात असतानाच गाड्या भेटतात. विसाव्यांचा वेळ ९० मिनिटांतून वजा केला की उड्डाणाचा वेळ सुमारे ८६.८ मिनिटे आणि अंतर सुमारे १३०.२ किमी येते. फेऱ्या इथे अनंत उरत नाहीत ही गोष्टही लक्षात घेण्यासारखी आहे.

## ७. वारा असेल तर विस्थापनही वापरा

वारा डावीकडून उजवीकडे वाहत आहे आणि त्यामुळे पक्षी उजवीकडे ताशी १०० ने, तर डावीकडे ताशी ८० ने उडतो असे समजा. आता एकच वेग कंसाबाहेर काढता येत नाही. ९० ही सरासरी घेऊन पुन्हा १३५ असे उत्तर देणे चूक आहे, कारण पक्षी दोन्ही दिशांना सारखा वेळ उडत नाही.

तरीही फेऱ्यांच्या बेरजेकडे वळण्याची गरज नाही. आपल्याला दोन गोष्टी आधीच ठाऊक आहेत: एकूण वेळ १.५ तास, आणि विस्थापन ६० किमी. उजवीकडे उडण्याचा वेळ ‘उ’ आणि डावीकडे उडण्याचा वेळ ‘ड’ मानला, तर दोन समीकरणे मिळतात:

उ + ड = १.५

१००उ − ८०ड = ६०

पहिल्या समीकरणाला ८० ने गुणून दुसऱ्यात मिळवले की १८०उ = १८०, म्हणून उ = १ तास आणि ड = अर्धा तास. पक्षी उजवीकडे १०० किमी आणि डावीकडे ४० किमी, असे एकूण १४० किमी उडाला.

पडताळायचे असल्यास पहिली फेरी १५०/१६० म्हणजे १५/१६ तासांची येते, आणि एक जाणे-येणे झाल्यावर गाड्यांमधले अंतर सोळाव्या भागाइतके उरते. उजवीकडच्या फेऱ्यांच्या वेळांची बेरीज मग (१५/१६) ÷ (१५/१६) = १ तास होते, समीकरणांतून आली तेवढीच.